हो म्हणण्यापुरता आवाज

डॉक्टर झाल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या वाट्याला लोकांची नावं ओरडण्याचं काम आलं, आणि त्याला कारण रुपराव.

ही १९७६ सालची गोष्ट. नागपुरातल्या एका सरकारी इस्पितळात मी हाऊस सर्जन होतो. इस्पितळाचं नाव सांगत नाही, कारण तिथले काही लोक अजून हयात आहेत आणि तोंडाळ आहेत. रुपराव हा आमच्या बाह्यरुग्ण विभागाचा शिपाई. कागदोपत्री त्याचं पद 'शिपाई (पुकारा)' असं होतं. दाराशी स्टुलावर बसायचं, चिठ्ठीवरचा नंबर आणि नाव पुकारायचं, माणूस आत सोडायचा, एवढंच काम. पण ते तो असं करायचा की भल्याभल्यांनी ऐकत राहावं. नंबर खालच्या आवाजात, नाव त्याच्या वर, आणि नावाचं शेवटचं अक्षर थेट आढ्याला. "नंबर सतरा, धोंडबाऽऽऽ" अशी हाक निघाली की व्हरांड्यातल्या दीडशे लोकांचा गलका खाली राहायचा आणि फाटकाबाहेर चहा पीत बसलेला धोंडबा बशी टाकून पळत यायचा.

या माणसाला गलगंड झाला. गळ्याच्या उजव्या बाजूला आधी लिंबाएवढी गाठ होती, मग ती मोसंबीच्या वळणावर गेली. पठ्ठ्यानं दोन वर्षं ती लपवली. नागपूरच्या मे महिन्यात मफलर गुंडाळून बसायचा. आम्ही विचारलं तर म्हणायचा, "थंडी वाजून राहिली, साहेब." शेवटी त्याची बायको गोपिकाबाई स्वतः त्याला ओढत आमच्या सरांकडे घेऊन आली आणि सरांच्या टेबलावर तिनं तो मफलर आपटला.

आमचे सर म्हणजे डॉ. चिमोटे. गलगंडाच्या ऑपरेशनात त्यांचा हात धरणारा त्या काळी आमच्याकडे कोणी नव्हता, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःला सर्वांत आधी माहीत होती.

"रुपराव, तुम्ही घाबरता कशाला?" सर म्हणाले. "वीस वर्षं तुम्हीच तर बाकीच्यांना धीर देताय."

हे खरं होतं. ऑपरेशनला भ्यायलेला कोणीही गलगंडवाला दाराशी आला की रुपरावचं ठरलेलं असायचं. 'काही होत नाही. दोन दिवसांत आवाज मोकळा. मी पाहून राहिलो ना.' लोकांचा सरांच्या पदव्यांपेक्षा या वाक्यावर जास्त भरवसा होता.

"साहेब, दुसऱ्याचा गळा असला का मले भेव नाही वाटत," रुपराव म्हणाला. "आता हा माह्या आहे."

मग सरांनी त्याला नीट समजावलं, आणि समजावताना स्वतःच्याच गळ्यावर बोट फिरवलं. स्वरयंत्रात दोन पट्ट्या असतात. त्या मिटल्या की आवाज निघतो, उघडल्या की श्वास जातो. त्यांना हलवणारी नस मोठी चमत्कारिक. मेंदूकडून निघते, गळ्याजवळून तशीच खाली छातीकडे जाते, तिथं वळसा घेते आणि श्वासनळीच्या कडेकडेनं परत वर चढते. गावातल्या गावात महालातून सीताबर्डीला जायला निघालेल्या माणसानं पार गावाबाहेर कामठीला वळसा घालून यावं, तशी. आणि वर चढताना ती नेमकी गलगंडाच्या मागून जाते.

"ती दुखावली तर त्या बाजूची पट्टी थांबते. आवाज फाटका, वाऱ्यासारखा होतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासच अडतो, पण तुमची गाठ एकाच बाजूला आहे. आणि ती नस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी गाठीला सुरी लावत नाही."

"अन पुकारा?" रुपरावनं विचारलं.

"आवाज राहिला म्हणजे पुकारा राहिला," सर म्हणाले. यातलं पहिलं राहूनही दुसरं जाऊ शकतं, हे त्या खोलीत कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर नुकतीच परीक्षा देऊन आलो होतो.

ऑपरेशनआधी स्वरयंत्र आरशात पाहून घ्यायची रीत होती. ते काम कान-नाक-घशाच्या डॉ. प्रेमिला साल्पेकर यांचं. त्यांनी रुपरावची जीभ गॉजच्या कापडात धरून बाहेर ओढली, लांब दांडीचा छोटा आरसा वाफ धरू नये म्हणून स्पिरिटच्या दिव्यावर ऊन केला, घशात धरला आणि म्हणाल्या, "ई म्हणा."

रुपरावला 'हळू' हा शब्द माहीत नव्हता. जीभ बाईंच्या हातात असूनही त्यानं अशी 'ई' दिली की बाहेरच्या बाकावरून दोघे जण उठून आत आले. आपला नंबर लागला असं त्यांना वाटलं. बाईंनी आरसा काढला, कान चोळला आणि लिहिलं, 'दोन्ही पट्ट्या उत्तम हलतात.'

ऑपरेशनला मी सरांच्या समोर उभा होतो, म्हणजे चिमटे धरून खाली वाकलेला. गाठ मोठी होती, वरचं टोक गळ्यात चांगलंच उंच गेलं होतं. सरांनी आधी ते वरचं टोक सोडवलं, तिथल्या रक्तवाहिन्या बांधल्या, कापल्या. मग गाठ बाजूला वळवून मागची नस शोधली. पांढरी, शिवणाच्या दोऱ्याएवढी, चकचकीत. "पाहा," सर म्हणाले, "ही याची नोकरी." आम्ही सगळ्यांनी वाकून रुपरावची नोकरी पाहिली. ती जिथल्या तिथं ठेवून सरांनी गाठ काढली.

शेवटी घशातली भुलीची नळी काढताना भूल देणाऱ्या डॉक्टरांनी डोकावून पाहिलं. दोन्ही पट्ट्या हलत होत्या. मग सरांची नेहमीची पद्धत. पेशंट अर्धवट शुद्धीवर आला की त्याच्या कानाशी जाऊन विचारायचं, "नाव सांगा."

"रुपराव, नाव सांगा."

रुपरावनं डोळे न उघडता घोगऱ्या आवाजात सांगितलं, "नंबर दोन, रुखमाबाई. आत या."

त्या दिवशीच्या यादीत रुखमाबाई खरोखरच दुसरी होती. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ती दाराबाहेर गाडीवर पडली होती. "आली वं माय," म्हणत ती गाडीवरून उतरली आणि चालत आत आली. तिला परत गाडीवर चढवायला चार जण लागले. सर इतके हसले की त्यांचा मास्क खाली आला. मी कागदावर लिहिलं, 'आवाज ठीक.'

पहिले चार दिवस रुपरावचा आवाज बसलेला होता. ते अपेक्षितच होतं. नळीनं घसा सोलवटतो, सूज येते, गिळताना दुखतं. गोपिकाबाईंनी ज्येष्ठमध आणला, खडीसाखर आणली, आणि वॉर्डातल्या इतर बायकांनी आणखी सात उपाय सांगितले, ते मी एकेक करून हाणून पाडले. आठव्या दिवशी टाके निघाले तेव्हा रुपराव छान बोलत होता. दहाव्या दिवशी कोणी पाहत नाही असं बघून तो व्हरांड्यात उभा राहिला आणि त्यानं पुकारा दिला.

नंबर ठीक निघाला. नावही निघालं. शेवटचं अक्षर वर जायला लागलं आणि मध्येच सपाट झालं, जिन्यात असावी ती पायरी नसल्यासारखं. त्यानं परत केलं. परत तसंच. तिसऱ्यांदा आवाज दमून खालीच राहिला. रुपराव स्टुलावर बसला. मी काही त्याला वीस वर्षं ओळखत नव्हतो, पण गेल्या आठ महिन्यांत तरी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी त्याच्यावरच खेकसलो.

"सहा आठवडे घशाला ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"काय ताण, डॉक्टरसाहेब. वर काही आहेच नाही ताणाले."

त्याला सहा आठवड्यांची रजा मिळाली, आणि मला त्याचं स्टूल मिळालं. बदली शिपाई मंजूर व्हायला वेळ होता, आणि 'तोवर हाऊस सर्जन बघतील' असा शेरा कार्यालयातून आला. मी नावं ओरडायचो आणि कोणी हलायचं नाही. एकदा मी तुळशीराम पुकारला तर तीन बायका आल्या. एका म्हातारबानं मला कनवाळूपणे विचारलं, "बावा, तुह्याही घशाचं आपरेशन झालं का?"

बाराव्या दिवशी सरांनी रुपरावला बोलावून घेतलं. डॉ. प्रेमिलाबाईंनी पुन्हा आरसा धरला. दोन्ही पट्ट्या हलत होत्या. सरांनी हात झटकले. "पाहा. नस शाबूत आहे. आवाज नॉर्मल आहे. मनाचा खेळ आहे हा."

"थांबा," बाई म्हणाल्या. "रुपराव, ई म्हणा, आणि आवाज खालून हळूहळू वर न्या."

'ई' निघाली, थोडी वर सरकली आणि अडली. वर जायला ती धडपडत होती, पण जात नव्हती. बाईंनी तीनदा करून घेतलं आणि मग सरांकडे न पाहता, आरसा पुसता पुसता सांगितलं. मागून येणारी ती मोठी नस पट्ट्या उघडते-मिटते. पण वरून एक वेगळी बारीक नस येते, गाठीच्या वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्यांना चिकटून. खाटेची नवार ताणावी तशी ती पट्टी ताणते. पट्टी ताणली की आवाज उंच जातो. ती नस दुखावली तर माणूस बोलतो नीट, पण त्याला हाक मारता येत नाही, गाता येत नाही, आणि दिवसभर बोललं की आवाज दमतो. आरशात बहुतेक वेळा काही दिसतही नाही.

"मी वरच्या वाहिन्या गाठीला चिकटूनच बांधतो," सर म्हणाले.

"हो, सर. पण ती नस तुम्ही पाहिली का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिमटे धरून समोरच होतो. ती आम्ही शोधलीही नव्हती.

"नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येईल," बाई रुपरावला म्हणाल्या. "बांधली गेली किंवा तुटली असेल तर ती उंची येणार नाही. कोणतं झालंय ते आज सांगता येत नाही."

सरांचा चेहरा लाल झाला. "मी दोनशेच्या वर गलगंड काढलेत. आवाजाची एक तक्रार नाही. केसपेपर काढून बघा. प्रत्येकावर 'आवाज ठीक' लिहिलेलं आहे."

तेव्हा रुपराव बोलला. त्याच्या त्या नव्या, बुटक्या आवाजात. "साहेब, ते कसं लिवते सांगू? टाके काढाच्या दिवशी मी नाव पुकारतो. मानूस म्हनते, हो. आत येते. हे डॉक्टर 'आवाज ठीक' लिवते. बस. त्याच्या भरोशावर मी लोकायले सांगत होतो, दोन दिवसांत मोकळा. आता 'हो' तं मलेही म्हनता येते."

मी खिशातला पेन उगाच काढून पुन्हा ठेवला. दोनशे माणसांच्या आवाजाचा आमच्याकडे असलेला पुरावा एका अक्षराचा होता, आणि त्यातले शेवटचे वीसेक माझ्या हस्ताक्षरात होते.

सर उठून खिडकीशी गेले. मला वाटलं आता रुपरावची धडगत नाही. पण सर वळून म्हणाले, "बोलवा सगळ्यांना."

इथं रुपरावचा उपयोग झाला. केसपेपर शोधायचे तर जुन्या कागदांच्या खोलीत जावं लागलं असतं, आणि तिथं गेलेला कागद परत आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. पण रुपरावला नावं पाठ होती. नाव, गाव, नंबरसुद्धा. त्यानं सांगितलं आणि मी पोस्टकार्डं लिहिली. 'गुरुवारी सकाळी नऊला यावे. आपला आवाज ऐकावयाचा आहे.' या मजकुरानं काही घरांत भलतेच समज झाले, आणि एक बाई तर नऊवारी शालू नेसून, पेटी वाजवणारा भाऊ घेऊन आली.

एकतीस जण आले. सरांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, शेजारी प्रेमिलाबाई आरसा घेऊन. एकेकाला रुपराव विचारायचा, "तुमी रोज सगळ्यात जोरात काय ओरडता? तेच ओरडा."

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. भाजीवाली "मेथी घ्या, सांबार घ्या" (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) करून गेली. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातला फिटर, ज्याला यंत्रांच्या घरघरीवर ओरडायची सवय, त्यानं नुसतं "पाना दे" म्हटलं तर सिस्टरच्या हातातला ट्रे पडला. कवायतीच्या मास्तरांनी "साऽवधान" दिलं, त्याबरोबर बाकावरचे दोन निवृत्त पोलीस उभे राहिले. एक गृहस्थ म्हणाले की आपण घरी फक्त बायकोला ओरडतो, आणि ती सोबत आलेली आहे, तेव्हा माफ करा. इतक्यात अधीक्षक धावत आले. त्यांना वाटलं संप झाला.

सत्तावीस जणांचा आवाज खणखणीत होता. सरांनी मिशीवरून हात फिरवायला सुरुवात केली. चार जणांपाशी तो हात थांबला. एका म्हातारबांना उंच जाता येईना, पण त्यांची पट्टी चांगली ताणली जात होती. बाई म्हणाल्या, नसेचा दोष नाही, गळ्यावरचे स्नायू जखमेच्या व्रणाला धरून बसलेत आणि वयही आहे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईची तर एक पट्टी हलतच नव्हती. दुसरी पट्टी मधली रेघ ओलांडून तिला जाऊन भेटत होती, म्हणून बोलणं बरं वाटत होतं, आणि 'हो' तर उत्तमच. सर तिचा केसपेपर मागायला लागले, मग मागायचं सोडून दिलं. तिसरा एक भजनी होता. त्यानं भजन सोडून टाळ धरला होता, आणि कोणी विचारलं नाही म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

चौथी तुळसाबाई. खापरखेड्याच्या पलीकडून आली होती. बकऱ्या राखायची.

"हाक मारा बकऱ्यांना," सर म्हणाले.

तिनं पदर खोचला आणि हाक मारली. ती हाक आमच्या पायऱ्याही उतरली नाही. प्रेमिलाबाईंनी आरशात पाहिलं, 'ई' वर न्यायला सांगितलं, आणि सरांकडे बघून मान हलवली. रुपरावसारखंच.

"कधीपासून असं आहे?"

"आपरेशनपासून. तीन वर्स झाले. मले वाटलं, आज नाही तं उद्या येईन."

"मग सांगितलं नाही?"

"कोनाले सांगू? यानं नाव पुकारलं, मी हो म्हटलं. पोट्टं होतं एक डॉक्टर, त्यानं काहीतरी लिवलं, म्हने जा."

चिमोटे सर कोणापुढे मान खाली घालतील असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते म्हणाले, "चूक माझी आहे, बाई," आणि बकऱ्या राखणाऱ्या बाईपुढे हे म्हणताना त्यांचा आवाज फार उंच गेला नाही. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी जेवढा आदर वाटला तेवढा त्याच्या सगळ्या ऑपरेशनांत मिळून वाटला नव्हता.

सहा आठवडे संपले. रुपरावचा पुकारा अजून अर्ध्यातच होता. आणि आता कार्यालयातले मोठे बाबू भैयाजी पुढे आले. रजेवरून रुजू व्हायला फिटनेसचा दाखला हवा. दाखल्यावर रकाना होता, 'नेमून दिलेले काम करण्यास सक्षम आहे काय?' नसेल तर बदली जुन्या कागदांच्या खोलीत.

"तिथं मी काय उंदरं पुकारू?" रुपराव मला म्हणाला. त्यानं दाखल्याचा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "वीस वर्स मी लोकायले बोलावलं, डॉक्टरसाहेब. आता मले कोनी कोपऱ्यात ठेवलं का मी मेलोच. तुमी 'सक्षम' लिवून द्या ना. एक शब्द तं आहे."

मी पेन काढलाही होता. खोटं सांगत नाही, मी लिहिणार होतो. सरांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि रकान्यात लिहिलं, 'बोलण्यास सक्षम. उंच पुकारा सध्या देता येत नाही. कारण, शस्त्रक्रियेत माझ्या हातून स्वरयंत्राच्या वरच्या नसेला इजा झाली असण्याची शक्यता आहे. काही महिन्यांत सुधारणा होऊ शकते, न होण्याचीही शक्यता आहे.' खाली सही.

"साहेब, असं नका लिवू," रुपराव घाबरला. "तुमचं नाव खराब होईन."

"वीस वर्षं नुसतं 'ठीक' लिहून चांगलं राहिलं होतं ते," सर म्हणाले. "आता थोडं खराब होऊ द्या."

हा कागद भैयाजींच्या टेबलावर गेला आणि तिथं मोठाच घोटाळा झाला. स्वतःच्या हातून काही झालं असं एखाद्या साहेबानं लिहून दिलेला कागद त्या कार्यालयात आजवर आलाच नव्हता. तो कोणत्या फायलीत लावायचा हे कोणाला ठरवता येईना. 'सक्षम' म्हणावं तर पुकारा नाही, 'अक्षम' म्हणावं तर बोलतोय. भैयाजींनी तो अधीक्षकांकडे पाठवला, त्यांनी 'नियमानुसार' असा शेरा मारून परत केला, भैयाजींनी 'कोणता नियम?' असं विचारून पुन्हा वर पाठवला. कागद पुढं मुंबईलाही जाऊन आला. निकाल लागेपर्यंत रुपरावला हलवता येत नव्हतं. म्हणून तो आमच्याकडेच राहिला, आणि सरांनी त्याचं स्टूल टेबलाशेजारी घेतलं. दारात उभं राहून पुकारा मात्र मीच देत राहिलो. गलगंडाचा नवा पेशंट आला की रुपराव विचारायचा, तुमी रोज काय ओरडता, आणि ते आधी ओरडून घ्यायचा. मग सर त्याला दोन्ही नसा सांगायचे, लांबची आणि वरची. ऑपरेशनच्या वेळी वरच्या टोकाशी ते आता इतका वेळ लावायचे की माझे हात भरून यायचे.

साडेचार महिने झाले. दर आठवड्याला प्रेमिलाबाई रुपरावकडून 'ई' वर नेऊन घ्यायच्या. आधी इंच-इंच, मग एका सोमवारी एकदम बरीच वर. त्याच आठवड्यात भैयाजींचा कागद आला. 'सदर कर्मचाऱ्याचा पुकारा परत आला किंवा कसे, ते लेखी कळवावे.'

"लेखी काय कळवता?" सर म्हणाले. "रुपराव, जा, तोंडी कळवा."

रुपराव व्हरांड्यात गेला. कार्यालय अंगणापलीकडे. त्यानं खांब धरला, घसा साफ केला, आणि "मोठेबाबू भैयाजीऽऽऽ" अशी हाक दिली. शेवटचं अक्षर वर गेलं. किंचित चिरकलं, पण गेलं, आणि अंगण ओलांडून गेलं. पलीकडची खिडकी उघडली आणि भैयाजींनी फाईल हातात घेऊन "हो" म्हटलं. व्हरांडाभर लोक हसले. गोपिकाबाई डोळ्याला पदर लावून हसत होत्या. मीही हसलो, आणि मोकळा झालो, कारण माझी पुकाऱ्याची नोकरी सुटली.

त्याच गर्दीत तुळसाबाई उभी होती. सरांनी तिला महिन्या-महिन्यानं तपासायला बोलावलं होतं. हसणं थांबल्यावर ती पुढं आली.

"याचा आला," ती सरांना म्हणाली. "माह्या कधी येईन?"

मला वाटलं, सर काहीतरी गोड बोलतील. ते बाकावर तिच्या शेजारी बसले.

"तुमचा नाही येणार, बाई. यायचा असता तर पहिल्या वर्षात आला असता. तीन वर्षं झालीत."

तुळसाबाई रडली नाही.

"हे मले तवाच सांगाले पाहिजे होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "मी बकऱ्यायले थाळीच्या आवाजाची सवय लावली असती. तीन वर्स मी त्यायच्या मागं पळून राहिली, उद्या आवाज येईन म्हनून."

सरांनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी तिचा नवा केसपेपर दिला, आणि तिनं जे सांगितलं ते त्यांनी तिच्याच शब्दांत लिहून काढलं.